माळ्यावरचा डबा

(गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामसभेत मी जे बोलले, ते इथे लिहून ठेवते. बोलताना दोनदा अडखळले होते, ते तेवढं गाळलं आहे.)

सरपंचताई, पंच मंडळी, सचिव आणि गावकऱ्यांनो,

मागच्या आठवड्यात मी बँकेच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढच्या तिघी सरकारच्या गृह आधार योजनेचे दीड हजार आले की नाही ते बघायला आल्या होत्या. आले होते. तिघींनीही ते तिथल्या तिथे काढले आणि पिशवीत घातले. एकीला विचारलं, एवढी घाई कशाला गं? म्हणाली, वहिनी, घरात असले की आपले. हे वाक्य माझ्या सासूबाईंचं होतं, नंतर माझं झालं. ते आम्हाला तीन लाखांना पडलं, म्हणून आज उभी राहिले.

आमचा डबा बिस्किटांचा होता, माळ्यावर, जुन्या चटईत गुंडाळलेला. काजूचा हंगाम संपला की बिया वाळपईच्या बाजारात विकायच्या, सुपारीचे वेगळे यायचे, खर्च भागून जे उरेल ते डब्यात. नऊ वर्षांत 3 लाख 40 हजार साठले. मुलीच्या लग्नाला धरून ठेवले होते. सगळ्या पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा, कारण मोठ्या नोटांना जागा कमी लागते!

8 नोव्हेंबर 2016 ची रात्र तुम्हाला सांगायला नको. टीव्हीवर नोटा बंद झाल्याचं ऐकलं आणि आमच्या यांनी आधी शिडी लावली. डबा उघडला तर खालच्या थराला बुरशीचा वास. पावसाळ्याची ओल पत्र्याच्या डब्यातही जाते. काही नोटा एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की सोलताना रंग उतरत होता, आणि अकरा नोटांच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. पुढे कळलं की अशा नोटेचा नियमही मोजून ठरवलेला आहे. पन्नास किंवा त्यावरच्या नोटेचा सलग मोठा तुकडा 80 टक्क्यांहून जास्त शिल्लक असेल तर पूर्ण पैसे, 40 ते 80 टक्के असेल तर अर्धे, त्याहून कमी असेल तर काहीच नाही. वाळवीला हा नियम ठाऊक नसतो.

नोटा बँकेत भरायला 30 डिसेंबरपर्यंत मुदत होती. आम्ही गेलो नाही. का? नाक्यावर कुणीतरी सांगितलं, अडीच लाखांच्या वर भरले की इन्कम टॅक्सची नोटीस येते, पैसे जप्त होतात. आम्ही दोघंही घाबरलो. आणि घाबरलेल्या माणसाचा वास काही लोकांना बरोबर येतो.

मुलाच्या ओळखीतलाच एक गृहस्थ घरी आला. नाव घेत नाही. चांगल्या इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ, सासूबाईंच्या पाया पडला. म्हणाला, माझी बँकेत ओळख आहे, वीस टक्के कापून नव्या नोटा आणून देतो, तुमचं नाव कुठेच येणार नाही. आधी 40 हजार द्या, खात्री करून घ्या. दिले. चौथ्या दिवशी 32 हजार घेऊन आला, कोऱ्या गुलाबी दोन हजारांच्या. त्या वेळी बँकेतून स्वतःच्या खात्यातले आठवड्याला 24 हजारच काढता येत होते, आणि या माणसाकडे नव्या नोटांची गड्डी! आमचे डोळे दिपले. मी त्याला चहाबरोबर पातोळ्या वाढल्या, हेही सांगते.

दुसऱ्या खेपेला उरलेले 3 लाख दिले, 2 लाख 40 हजार येणार होते. पहिला आठवडा फोन उचलायचा, मग 'मीटिंगमध्ये आहे', मग फोन बंद. 30 डिसेंबर गेला. तो नंतर कधीच दिसला नाही.

पोलिसांकडे गेलो तेव्हा हवालदाराने नीटच वागवलं, खोटं कशाला बोलू. पण त्याने विचारलं, रक्कम किती होती याचा पुरावा? देताना कोण होतं? काही लिहून घेतलंत? त्या नोटा तुमच्याच होत्या हे कशावरून? एकाही प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. डब्यातल्या पैशाला पासबुक नसतं. तो पैसा आहे हे फक्त आम्हाला माहीत होतं, आणि ज्याने नेला त्याला. शिवाय कमिशन देऊन नोटा बदलायला निघालो होतो आम्ही, तेव्हा तोंड वर करून बोलायचीही सोय नव्हती.

खरी चपराक पुढे बसली. फेब्रुवारीत बँकेत गेले, तिथल्या मॅनेजरबाईंना हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, अहो, अडीच लाख ही भरण्याची मर्यादा नव्हतीच. त्यापुढच्या रकमेची माहिती इन्कम टॅक्स खात्याकडे जायची, फार तर विचारणा झाली असती. काजू-सुपारी विकल्याच्या पावत्या आहेत? होत्या. देवघराखालच्या खणात, नऊ वर्षांच्या, दोऱ्याने बांधलेल्या. बाई म्हणाल्या, बागायतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, या पावत्या दाखवल्या असत्या की झालं होतं. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले.

आता गणपतभाऊंनी मघाशी हात वर केला, तो प्रश्न मला माहीत आहे: बँक बुडाली तर? बरोबर आहे. आपल्या गोव्यातच म्हापसा अर्बनचा परवाना 2020 मध्ये आणि मडगाव अर्बनचा 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. त्याआधी लोकांचे पैसे अडकून पडले होते, म्हाताऱ्या माणसांनी फेऱ्या मारल्या. मी हे लपवणार नाही. पण बँकेतल्या ठेवीला विमा असतो. 4 फेब्रुवारी 2020 पासून तो माणशी, एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंत आहे. त्याआधी 1 लाखच होता. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवलेत तरी ते एकत्रच मोजतात, म्हणून पाच लाखांवर रक्कम असेल तर दुसऱ्या बँकेत ठेवा. बँकेवर निर्बंध आले तर 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे, असा कायदा 2021 पासून आहे. सहकारी बँकेला हा विमा लागू आहे, पतसंस्थेला नाही. पाटीवर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून पैसे ठेवण्याआधी काउंटरवर सरळ विचारा, इथे ठेव विमा आहे का?

आणि काउंटरच्या बाहेर, ओळखीचा असला तरी, कुणाच्या हातात भरायला रोख देऊ नका. स्लिपवर शिक्का आणि पासबुकात नोंद झाल्याशिवाय तो पैसा बँकेत गेलेला नसतो. त्या गृहस्थाचीही 'बँकेत ओळख' होती.

शांताकाकींचं म्हणणं, खात्यात कायम हजार-दोन हजार ठेवावे लागतात, ते आपल्याला परवडत नाही. काकी, 'बेसिक' नावाचं साधं बचत खातं असतं, त्यात किमान शिल्लक ठेवायची सक्ती नाही, महिन्यात चारदा पैसे फुकट काढता येतात. फॉर्म मी आणले आहेत, आधार घेऊन या, भरायला मी बसते.

घरात थोडे पैसे मीही ठेवते, रात्री-अपरात्री गाडी करायला लागली तर असावेत म्हणून. चार-पाच हजार. लग्न मुलीचं झालं, दोन वर्षं उशिरा आणि बँकेचं कर्ज काढून. डबा अजून माळ्यावरच आहे. त्यात मी आमसुलं ठेवते, ओल लागत नाही तोवर बरी टिकतात.