अर्धं वर्ष वर्गात वापरलेला इलेक्ट्रॉनिक फासा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत जूनमध्ये या फाशाची किट घेतली, एकदम बरीच. मुलांनी स्वतः सोल्डर करून जोडायची आणि मग गणिताच्या तासाला वापरायची, असा बेत होता. दसऱ्याची सुट्टी होऊन गेली, फासे अजून रोज हातात आहेत. विकणाऱ्याचं नाव देत नाही, कारण हाच नकाशा बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने मिळतो आणि त्यातले गुणदोषही बहुधा सगळीकडे तेच असतील.

आधी यातलं मला मनापासून आवडलेलं. 555 आयसी पल्स देते, 4017 ते मोजते. 4017 ला एकामागून एक पेटणारी दहा आउटपुट असतात. त्यातली पहिली सहा वापरायची आणि सातवं, म्हणजे पिन 5, रिसेटच्या पिन 15 ला जोडायचं. सहा झाले की मोजणी पुन्हा एकवर. आता सहा तारांतून सात ठिपके पेटवायचे. पण फाशावरचे ठिपके सुटे नसतातच. मधला एकटा, दोन कर्णांच्या दोन जोड्या आणि मधल्या ओळीची एक जोडी, एवढे चारच गट. मधला ठिपका एक, तीन आणि पाचला लागतो. दुसरा कर्ण चार, पाच आणि सहाला. मधली जोडी फक्त सहाला. उरला पहिला कर्ण, तो दोनपासून सहापर्यंत सगळ्यांना लागतो, म्हणजे पाच तारा. पण चार, पाच, सहा तर दुसऱ्या कर्णाच्या गेटमध्ये आधीच एकत्र आलेले असतात. तेव्हा दोनची तार, तीनची तार आणि त्या गेटचं आउटपुट, असे तीनच इनपुट पुरतात. 4075 मध्ये तीन इनपुटांची ऑर गेट असतात, तीही बरोबर तीन. एकही गेट उरत नाही, एकही पिन रिकामी लोंबकळत नाही. आठवीच्या मुलांना हे फळ्यावर स्वतः शोधायला लावलं. ज्यांनी शोधलं त्यांना गेट म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागलं नाही.

आता दोष. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी फासा घेऊन आली, "सर, ह्यावर सहा पडंनाच झालाय की. आडवे दोन पडतात." खरंच, बाकी पाचही आकडे स्वच्छ, फक्त सहाच्या वेळी मधल्या ओळीची जोडी तेवढी पेटायची आणि दोन्ही कर्ण अंधारात. गंमत अशी की सगळ्या फाशांवर हे होत नव्हतं. चांगल्या फाशातली 4017 काढून याच्यात बसवली की सहा येई आणि याची त्याच्यात घातली की तो बिघडे. त्यामुळे चिप खराब आहे असं वाटणं साहजिक होतं, पण चिप खराब नव्हती.

मल्टिमीटर पिन 1 वर, म्हणजे सहाच्या आउटपुटवर लावला. 9 व्होल्टच्या आसपास हवे होते, तिथे जेमतेम 4 होते. कारण बोर्डावरच दिसत होतं. तिन्ही गेटांच्या पुढे बीसी 547 ट्रान्झिस्टर दिलेला आहे, पण मधल्या जोडीला गेट लागत नाही म्हणून तिचा ट्रान्झिस्टरही वाचवला आहे. ते दोन एलईडी समांतर, प्रत्येकी 330 ओहम घालून, थेट पिन 1 वर टांगले आहेत. 4000 मालिकेतली आयसी काही मिलिअँपच्या वर ओढलं की वाकते, तिचं व्होल्टेज खाली बसतं. एलईडी तेवढ्यावरही पेटतो. पण तीच पिन 1 दुसऱ्या कर्णाच्या गेटलाही जाते आणि ते गेट साधारण निम्म्या व्होल्टेजच्या खालचं सगळं शून्य धरतं. मग दुसरा कर्ण गेला आणि पहिला कर्ण त्याच्याच जिवावर असल्यामुळे तोही गेला. ज्या चिपची ताकद जरा जास्त, ती निम्म्याच्या वर तगते आणि फासा चांगला वाटतो.

उपाय सोपा आहे. पिन 1 कडून त्या दोन रेझिस्टरांकडे जाणारा ट्रॅक कापायचा. कापल्यावरही गेटकडे जाणारी वाट शाबूत राहिली पाहिजे, तेवढं बघायचं. एक बीसी 547 घ्यायचा, बेस पिन 1 ला, कलेक्टर 9 व्होल्टला, एमिटर रेझिस्टरांच्या बाजूला. 330 च्या जागी 680 ओहम घालायचे, नाहीतर ही जोडी इतरांपेक्षा भगभगीत दिसते. यानंतर कुठलीही 4017 घाला, सहा येतो. आम्ही सगळ्याच बोर्डांवर हा बदल केला, चालत होते त्यांच्यावरही.

दुसरा दोष मुलांनी शोधला. किटमध्ये 555 ला 1 किलोओहम, 68 किलोओहम आणि 1 मायक्रोफॅरड दिलेला आहे. त्याने सेकंदाला दहाएक पल्स येतात. ठिपके पळताना छान दिसतात, पण सहा आकड्यांची एक फेरी अर्ध्या सेकंदाहून जास्त चालते. एवढ्या वेळात लय पकडून बटण सोडता येतं. पाचवीतल्या दोघातिघांनी हवा तेव्हा सहा पाडायचा असा सराव केला की सापशिडीत त्यांच्यासमोर कोणी बसेना. तो कपॅसिटर काढून 10 नॅनोफॅरडचा, वर 103 छापलेला, घातला. पल्स सेकंदाला हजाराच्या घरात गेले आणि फेरी सहा मिलिसेकंदांची झाली. बोटाला तेवढं नेमकं सोडणं जमत नाही. पल्सचा वरचा भाग लांब की खालचा, याने फाशात खोट येत नाही, कारण 4017 फक्त चढती कडा मोजते आणि प्रत्येक आकड्याला एक पूर्ण पल्स मिळतो. सातव्या आउटपुटचा रिसेट होईपर्यंतचा क्षण इतका सूक्ष्म की मोजण्यातच येत नाही. वर्गात तक्ते भरले तेव्हा मुलांना सांगितलं होतं की 600 वेळा टाकलात तर प्रत्येक आकडा बरोबर 100 वेळा येणार नाही, 82 ते 118 मध्ये कुठेही आला तरी फाशाला नावं ठेवू नका.

वेग वाढवल्यावर पळणारे ठिपके गेले, याचं लहान मुलांना वाईट वाटलं. पण बटण दाबून धरल्यावर आता सगळे ठिपके एकदम पेटल्यासारखे दिसतात आणि त्या उजेडातच फाशाची तब्येत कळते. पहिला कर्ण सहापैकी पाच वेळा पेटतो म्हणून सर्वांत तेजस्वी. दुसरा कर्ण आणि मधला ठिपका तीन-तीन वेळा, म्हणून सारखे. मधली जोडी एकदाच, म्हणून सर्वांत मंद. दुसरा कर्ण मधल्या ठिपक्यापेक्षा फिका दिसला तर सहा हरवतोय, हे मीटर न लावता सांगता येतं. आता मुलं सोल्डर झालं की आधी बटण दाबून हेच बघतात.

बॅटरीबद्दल थोडं. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी रोजच्या तासांना पुरत नाही, आम्ही सहा पेन्सिल सेलचा डबा लावला. लाइट गेली तरी तास चालू राहतो, पावसाळ्यात इकडे त्याचं मोल आहे. सेल उतरायला लागले की कर्णांचे ठिपके मधल्यापेक्षा आधी फिके होतात, कारण तिथे दोन एलईडी एकापुढे एक आहेत आणि त्यांनाच चार व्होल्ट लागतात. पाच पडल्यावर मधला ठिपका उठून दिसला की सेल बदलायचे.

शेजारच्या कन्नड शाळेतली मुलंही आमच्या व्हरांड्यात येऊन खेळतात. सहा पडला की एकदम "आरु!" आणि "सहा!" असा गलका होतो, आणि मग सोंगट्या हलतात.

नवा बोर्ड चालू करताच कधी एकही ठिपका दिसत नाही. 4017 उठताना आठव्या ते दहाव्या आउटपुटवर उभी असू शकते, तिथे काहीच जोडलेलं नाही. एकदा बटण दाबलं की आकडा येतो. दाबूनही आला नाही तर मात्र पिन 13 जमिनीला लागली आहे का ते बघा. ती अधांतरी राहिली तर फासा मध्येच थांबतो आणि नुसता हात जवळ नेला तरी पुन्हा चालू लागतो.