मीटर-इन काढून मीटर-आउट: जिनिंगच्या ट्रॅम्परवर एका हंगामाचा अनुभव

जळगावकडच्या आमच्या जिनिंगमध्ये रुई पेटीत दाबणारा ट्रॅम्पर हायड्रॉलिक आहे. सिलिंडर वर, रॉड खाली, रॉडला साधारण 500 किलोचा पाय. यंत्र आलं तेव्हा तेलाचा प्रवाह मोजून सोडणारा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वरच्या पोर्टवर, आत जाणाऱ्या तेलावर होता, म्हणजे मीटर-इन.

त्यात पाय वजनानेच पुढे पळायचा. वरच्या बाजूला तेल मोजून येतंय आणि खालच्या बाजूचं तेल टाकीत मोकळं निघतंय, मग त्याला धरणार कोण? पाय धाडकन रुईवर आदळायचा, क्षणभर थांबायचा आणि वरची पोकळी तेलाने भरली की पुन्हा झटक्याने दाबायचा. वरच्या पोर्टला गेज लावलं, तर पाय पडताना काटा शून्यावर आणि सिलिंडरमध्ये कडकड आवाज. प्रेसमन म्हणाला, “भाऊ, हा दाबत नाही, पडतो.” निदान तेवढ्यातच झालं.

दिवाळीनंतर हा व्हॉल्व्ह रॉडच्या बाजूच्या पोर्टवर बसवला, म्हणजे मीटर-आउट केलं, असा की बाहेर येणारं तेल अडेल आणि पाय वर उचलताना तेल एकाच दिशेने सोडणाऱ्या चेकमधून मोकळं आत जाईल. आता पाय एकाच चालीने उतरतो. खाली अडवलेलं तेल वजन तोलून धरतं, वरची बाजूही भरलेली राहते.

पण हा बदल करण्याआधी दाबाचा हिशेब कराच. आमचा बोअर 80, रॉड 45 मिमी. वरचं क्षेत्र 50 चौ. सेंमी, रॉडच्या बाजूचं 34. पंप एकाच प्रवाहाचा, त्यामुळे जास्तीचं तेल दाब मर्यादेत ठेवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हवरून जातं आणि वर 120 बार दाब येतो. तो खालच्या लहान क्षेत्रावर 176 होतो, वजनाचे 14 मिळवा: 190 बार. पंपाचा रिलीफ 120 वर असला तरी ही बाजू तो वाचवत नाही. आमचा जुना होज 160 बारचा होता, म्हणून आधी तो बदलला, दोन तारांच्या जाळीचा घातला. रॉड सीलवरही हाच भार येतो.

दोन गोष्टी अजून खटकतात. साधा थ्रॉटल असल्याने मार्चच्या उन्हात तेल पातळ झालं की ट्रॅम्पर वेगाने उतरतो, दुपारी स्क्रू थोडा आवळावा लागतो. दाबाची भरपाई करणारा, तापमानाचाही विचार असलेला व्हॉल्व्ह घेतला तर हे कमी होईल, पण महाग पडतो. दुसरं म्हणजे मीटर-आउट वेग धरतो, उभा भार धरत नाही. पाय वर-खाली करणारा दिशेचा व्हॉल्व्ह न्यूट्रलला आणला तरी स्पूलमधून तेल झिरपतं आणि पाय हळूहळू खाली येतो, म्हणून खाली काम करताना लोखंडी खुंटी लावल्याशिवाय मी कुणालाही हात घालू देत नाही.

गाठ बाहेर ढकलणाऱ्या आडव्या सिलिंडरवर मात्र मीटर-इनच ठेवलंय. तिथे गाठ सतत विरोध करते, पुढे पळत नाही, आणि सिलिंडरमध्ये लागेल तेवढाच दाब चढतो.