हील असलेले स्क्वॉट शूज, लांब मांड्या आणि आठ महिने

माझी उंची १८० सेंमी, कंबरेच्या खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मांडी ४८ सेंमी, हात पण लांब. स्क्वॉटमध्ये मी कायम पुढे वाकायचो, आणि जिममध्ये ट्रेनरचं एकच पालुपद, गुडघा पंजाच्या पुढे नेऊ नको. गुडघा अडवला की माझ्यासारख्याची कंबर एवढी मागे जाते की बार पायाच्या मध्यावर ठेवायला धड आणखी वाकवावंच लागतं. मग वर येताना आधी ढुंगण उठायचं आणि सगळा लोड पाठीवर. शेवटी २० मिमी हीलवाले शूज घेतले.

बाजूने व्हिडिओ काढून हिशेब केला. साध्या बुटात मांडी आडवी झाली की खुबा बारच्या रेषेच्या साधारण ३२ सेंमी मागे असायचा. माझा पार्टनर माझ्याएवढाच उंच, पण त्याची मांडी ४२ ची, त्याचा २६ च. म्हणून तो सरळ बसतो आणि मी ओणवा, यात माझी टेक्निक वाईट नव्हती! हीलमुळे नडगी पाचसहा अंश जास्त झुकते, गुडघा तेवढा पुढे जातो आणि मला जवळपास ४ सेंमी मिळाले. मग पाय थोडे रुंद ठेवून पंजे आणि गुडघे दोन्ही ३० अंश बाहेर वळवले, तर आणखी ३ सेंमी, कारण मांडी तिरकी झाली की समोरून मागे मोजलेली तिची लांबी कमी होते. हे फुकट होतं, आधी हेच करून बघायला हवं होतं. फक्त गुडघे पंजांच्या दिशेतच राहायला हवेत, आत पडले तर वजन कमी करा.

एक सांगतो, लोड गायब होत नाही, पाठीवरून मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. पहिले तीन आठवडे गुडघ्याच्या खाली दुखायचं, ८० किलोवरून ६० वर आलो आणि हळूहळू वाढवलं तेव्हा थांबलं.

डेडलिफ्टला मात्र हे शूज अजिबात घालू नका. मी १०० किलोला घालून बघितले, वजन पंजांवर आलं, बार नडगीपासून सुटला आणि वर टाचेच्या उंचीमुळे बार २० मिमी जास्त उचलावा लागतो. लांब हातांचा फायदाच तिथे असतो, बार हातात यायला कमी वाकावं लागतं, तो फायदा आपणच कशाला घालवायचा? आता मोजे घालूनच करतो. अजून एक, बारचं केंद्र जमिनीपासून २२.५ सेंमी हे ४५ सेंमी व्यासाच्या प्लेटचं माप. आमच्या जिममधल्या १० किलोच्या लोखंडी प्लेट त्याहून लहान आहेत, त्यामुळे बार खाली बसतो आणि लांब पायवाल्याची पाठ गोल होते. मी दोन्हीकडे प्लेटखाली एकेक जाड प्लेट आडवी ठेवतो, मग पाठ सरळ राहते.