लक्षणं विचारणारा बॉट, नऊ महिने: संभाषण कोणी वाचलं ते कळतं का?

आमचं स्त्रीरोगाचं छोटं क्लिनिक आहे. मे महिन्यापासून पेशंट येण्याआधी बॉट व्हॉट्सॲपवर लक्षणं विचारतो आणि सगळं संभाषण साठवून ठेवतो. प्रश्न मराठीत नीट विचारतो, माझी प्रत्येक पेशंटमागची पाच-सात मिनिटं वाचतात. त्या बाबतीत तक्रार नाही. मी लिहितेय ते साठवलेल्या संभाषणाबद्दल.

डिसेंबरमध्ये एक पेशंट रडत आली. पाळी चुकल्याचं तिने फक्त बॉटला लिहिलं होतं, आणि दोन दिवसांत ते सासूच्या कानावर गेलं होतं. कोणी कधी काय उघडलं याची नोंद ठेवणारा ऑडिट लॉग मी तिच्यादेखतच उघडला. तिच्या संभाषणाची ओळ होती ती ही:

```
2025-12-08T13:42:07Z  reception  VIEW  conv_2281
```

दुपारी पावणेदोनला रिसेप्शनवर सकाळच्या पाळीची मुलगी एकटीच असते. मी तिला बोलावून विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला होता. "मॅडम, मी उघडलंच नाही," एवढंच ती म्हणाली. पुढचे दोन दिवस ती खाली मान घालून काम करत होती.

तिसऱ्या दिवशी त्याच लॉगमध्ये माझंच नाव दिसलं, वेळ १५:३४. त्या वेळी मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. ते संभाषण मी रात्री जेवणानंतर, नऊच्या सुमारास घरून वाचलं होतं. तेव्हा ओळीतल्या त्या Z चा अर्थ लागला. ती जागतिक प्रमाणवेळ आहे, आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे १३:४२ ही दुपार नव्हतीच, संध्याकाळचे सात वाजून बारा मिनिटं झाली होती आणि ती मुलगी तोवर घरी गेली होती. मी तिची माफी मागितली. पण तक्त्याच्या वर "वेळ भारतीय नाही" एवढे तीन शब्द कंपनीने लिहिले असते, तर ही वेळच आली नसती.

मग संध्याकाळी उघडलं कोणी? तेव्हा रिसेप्शनिस्ट आणि कंपाउंडर दोघंही तिथे होते. कॉम्प्युटर एकच, आणि `reception` हे लॉगिनही सगळ्यांचं एकच. त्यामुळे कोणाचं बोट होतं ते लॉग सांगूच शकत नाही आणि आजही आम्हाला माहीत नाही. दोष माझा आहे. एका जादा लॉगिनचे महिना चारशे रुपये पडतात, ते वाचवायला मी एकावरच भागवलं होतं. पेशंटला हे सांगताना मला फार जड गेलं.

आता प्रत्येकाचं वेगळं लॉगिन आहे. रिसेप्शनच्या भूमिकेला फक्त नाव, नंबर आणि "आज बघायचं की उद्या चालेल" एवढंच दिसतं. संभाषण मलाच उघडतं. महिन्याभराने हा रिव्ह्यू लिहायला घेतला तेव्हा मी चार तारे देणार होते, कारण लॉगमधली ओळ मला, म्हणजे मालकिणीलाही, पुसता येत नाही. ही गोष्ट खरंच चांगली आहे.

पण लिहिण्याआधी एकदा रिसेप्शनच्या लॉगिनने बसून बघितलं आणि शोधाच्या चौकटीत "पाळी" टाईप केलं. अकरा बायकांची नावं आली, आणि प्रत्येक नावाखाली तिने बॉटला लिहिलेलं ते वाक्य. संभाषण उघडायची गरजच नाही! मग माझ्या लॉगिनने लॉग पाहिला. एकही नोंद नाही. कंपनीचं उत्तर: "मॅडम, सर्च म्हणजे व्ह्यू नव्हे." पेशंटचं वाक्य डोळ्यांनी वाचता येत असेल, तर ते वाचणंच आहे, मग सॉफ्टवेअर त्याला काही का म्हणेना. पाच आठवडे फोन करकरून त्यांनी रिसेप्शनचा शोध नाव आणि मोबाईलपुरता मर्यादित केला आणि लॉगवर भारतीय वेळही आणली. शोधाची नोंद मात्र अजून होत नाही, त्यामुळे आधी कोणी काय शोधलं हे कायमचं अंधारात गेलं.

तुमच्याकडे असा बॉट असेल तर आज एवढंच करा. सर्वांत कमी अधिकाराच्या लॉगिनने बसा, एखादं लक्षण शोधा, मग मुख्य लॉगिनने लॉग बघा. तुम्ही आत्ता जे पाहिलंत ते तिथे दिसलं नाही, तर त्या लॉगवर विसंबू नका.

आणखी एक. आमच्या प्लॅनमध्ये लॉग नव्वदच दिवस राहतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांत लॉग एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे. ती तरतूद लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे म्हणून कंपनी "पुढच्या व्हर्जनमध्ये" म्हणते, किंवा मोठा प्लॅन घ्या म्हणते. मी दोन तारे देतेय. ८ डिसेंबरची ती ओळ ८ मार्चला आपोआप पुसली जाईल, म्हणून मी ती छापून पेशंटच्या केसपेपरला लावून ठेवली आहे.