चौदा महिन्यांनंतर माझा बारीक रेघांचा टॅटू: कुठे टिकला, कुठे मिटला

माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, पैठणीच्या काठातलं एक कमळ आहे आणि त्याखाली आजीचं नाव, रुक्मिणी. सगळं मिळून उंची साडेचार सेंटिमीटर. छत्रपती संभाजीनगरला जाऊन करून घेतलं, त्याला आता चौदा महिने झाले. ताज्या टॅटूचे फोटो टाकून कौतुक करणारे खूप असतात, पण लहान टॅटू कसा आहे ते पहिल्या आठवड्यात कळतच नाही. म्हणून मी एवढं थांबून लिहितेय.

मी परभणीत लग्नपत्रिकांच्या छपाईत काम करते. कागदावर शाई पसरते हे आमच्या हाताला रोजचं आहे. गुळगुळीत आर्ट पेपरवर जे अक्षर टोकदार उमटतं तेच खरबरीत कागदावर फुगतं आणि 'ष'चं पोट बुजतं. कातडीचंही असंच होणार, हे मला आधीपासून वाटत होतं. फरक एवढाच की कागदावरची शाई वाळली की थांबते. कातडीतली थांबत नाही.

सुईने शाई वरच्या कातडीखालच्या थरात जाते, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. तिथल्या पांढऱ्या पेशी ते कण गिळून धरून ठेवतात. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा उचलतात. म्हणून टॅटू जन्मभर राहतो. पण वर्षानुवर्षांत कण थोडे थोडे सरकत जातात आणि रेघेची कड आधी मऊ होते, मग रुंद होते.

याचा खरा पुरावा माझ्या घरातच होता. आजीच्या हातावर परळीच्या जत्रेत लहानपणी काढलेलं गोंदण आहे. एक तुळशी वृंदावन, आणि शेजारी तिच्या भावाचं नाव. वृंदावनाचे ठिपके अजून एकेक मोजता येतात, कारण दोन ठिपक्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा आहे. नावाचं पहिलं अक्षर तेवढं ओळखू येतं, पुढे निळसर हिरवा पट्टा. मी विचारलं तर आजी म्हणाली, "पहिलं समदं नीट वाचता यायचं बाई, आता माझं मलाच वाचायला येईना गेलंय." दोन्ही एकाच दिवशी, एकाच बाईने, एकाच काजळीने काढलेलं. एक टिकलं, एक गेलं, आणि फरक होता तो मधल्या जागेचा. अर्थात जुनं गोंदण हाताने टोचलेलं, रेघ मुळातच जाड, त्यामुळे त्यावरून वर्षांचा हिशोब लावता येत नाही. पण आधी काय मिटतं, ते तिच्या हातावर स्वच्छ दिसतं.

त्यामुळे डिझाइन बघताना मी रेघ किती बारीक आहे हे बघितलंच नाही, दोन रेघांमधली जागा मोजली. माझं पहिलं डिझाइन तीन सेंटिमीटरचं होतं: प्रत्येक पाकळीला दुहेरी कड, प्रत्येक पाकळीत बारीक रेघा, आणि खाली चार मिलिमीटर उंचीची अक्षरं. पहिल्या स्टुडिओत "होऊन जाईल" म्हणाले. तिथे दाखवलेले सगळे फोटो त्याच दिवशी काढलेले होते, कातडी लाल, रेघ चकाकणारी. वर्षभर जुना एकही फोटो नव्हता. मी परत आले.

घरी येऊन केलं ते असं. डिझाइन खऱ्या मापात छापलं. त्यावर बटर पेपर ठेवून एकदा पॉइंट फाइव्हच्या जेल पेनने गिरवलं, हा नवा टॅटू. मग दुसऱ्या बटर पेपरवर तेच डिझाइन सीडीवर लिहायच्या मार्करने गिरवलं, ज्याची रेघ साधारण एक मिलिमीटरची पडते. हा दहा-पंधरा वर्षांनंतरचा टॅटू, असं मी धरलं. कुणाची रेघ दीडपट होईल, कुणाची दुपटीहून जास्त, ते टोचणाऱ्याचा हात आणि कातडी यांवर आहे, पण दुप्पट धरून चाललं की अंदाज फार चुकत नाही. मग तो कागद हातभर लांब धरून बघितला. दुहेरी कडांच्या जागी एकच जाड कड दिसत होती. पाकळ्यांतल्या रेघांचा करडा डाग झाला होता. आणि नाव? 'म'ची गाठ बुजून गोळा झाला होता, 'क्मि'मधला क आणि म एकमेकांत शिरले होते, 'रु'चा उकार र च्या पोटाला चिकटला होता. ज्याला नाव माहीत नाही त्याने ते वाचलंच नसतं.

त्यामागचा हिशोब सोपा आहे. रेघ 0.4 मिलिमीटरची असेल आणि पुढे 1 मिलिमीटरची झाली, तर ती प्रत्येक बाजूला 0.3 ने वाढली. समोरासमोरच्या दोन रेघांमधली जागा दोन्हीकडून खाल्ली जाते, म्हणजे 0.6 ने कमी होते. मूळ जागा अर्ध्या मिलिमीटरची असेल तर ती गेलीच. एक मिलिमीटरची असेल तर जेमतेम उरते. दीड मिलिमीटर असेल तर डोळ्याला मोकळी वाटते. देवनागरीत हे जास्त जपावं लागतं, कारण आपल्या अक्षरांत लहान पोटं, गाठी, शिरोरेघेला टेकणाऱ्या वेलांट्या आणि अनुस्वार फार. अनुस्वार शिरोरेघेत मिसळला की शब्दच बदलतो.

दुसऱ्या स्टुडिओतल्या दादाने बटर पेपर बघितला आणि स्वतःहून दोन टॅटूंचे जुने फोटो काढून दाखवले, एक दोन वर्षांचा, एक चार वर्षांचा. तिथेच मी ठरवलं. त्याने अक्षरं सात मिलिमीटरची केली, 'म'ची गाठ बंद न करता वळण उघडं ठेवलं, क आणि म यांच्यात पुरती जागा सोडली, दुहेरी कड काढून टाकली. रेघेसाठी तीन सुयांचा गोल गुच्छ वापरला, त्याला ते थ्री आरएल म्हणतात. मी एका सुईचा आग्रह धरला होता. तो म्हणाला, "ताई, एका सुईची रेघ भरून आल्यावर मधूनमधून तुटते. मग ती परत गिरवायची म्हणजे जाडच होणार." पैसे दोन हजार, वेळ पाऊण तास.

एका बाबतीत मी त्याचं ऐकलं नाही. मधल्या पाकळीत देठाकडे जमत येणाऱ्या तीन रेघा मला हव्याच होत्या, कारण आईच्या पैठणीवर त्या तशाच आहेत. त्याने सांगितलं होतं की खाली जिथे त्या एकत्र येतात तिथे भरून जाईल. मी म्हटलं, असू द्या.

आता चौदा महिन्यांनंतरचं. छपाईतलं भिंग लावून, शेजारी पट्टी ठेवून मी दर दोन-तीन महिन्यांनी फोटो काढले. पहिले दोन आठवडे काही कळत नाही, सूज असते, मग साल निघते आणि सगळं धूसर दिसतं. रेघेची खरी जाडी मी तिसऱ्या महिन्यापासून धरली. तेव्हा ती साधारण 0.4 मिलिमीटर होती, आता 0.55 च्या आसपास आहे. बाहेरच्या पाकळ्या स्वच्छ आहेत. नाव हातभर अंतरावरून वाचता येतं, क आणि म वेगळे दिसतात. 'म'चं उघडं वळण हा सगळ्यात शहाणपणाचा बदल ठरला.

मधल्या पाकळीत मात्र दादाचंच खरं झालं. वर तीन रेघा वेगळ्या दिसतात, खालच्या तीन मिलिमीटरमध्ये त्या एक झाल्यात. जवळून बघितलं तर रेघा, लांबून बघितलं तर पाकळीवर पडलेली सावली. पुढच्या काही वर्षांत ती वर चढत जाणार यात मला शंका नाही.

आणखी एक गोष्ट झाली, तिला म्हातारपण समजू नका. 'णी'च्या शेवटच्या कान्याला, मनगटाकडे कातडी पातळ होते तिथे, दहाव्या दिवशीच निळसर छाया दिसली. सुई थोडी खोल गेली की शाई खालच्या चरबीत उतरते आणि पसरते, त्याला ब्लोआउट म्हणतात. हे ओळखायचं कसं? ते पहिल्या काही दिवसांत दिसतं, रेघेच्या एकाच बाजूला निळसर झाक येते, आणि पुढे फारसं बदलत नाही. वयाने येणारा पसारा सगळ्या रेघांना सारखा आणि हळूहळू येतो. माझी ती छाया चौदा महिने तशीच आहे, म्हणून मला तिची काळजी वाटत नाही.

ऊन वेगळं काम करतं. ते रेघ जाड करत नाही, फिकट करतं, आणि बारीक रेघ फिकट झाली की तुटक दिसते. आपल्याकडे मे महिन्यात गाडीवरून अर्धा तास जरी गेलं तरी हात भाजतो. मी स्कूटीवर कोपरापर्यंतचे हातमोजे घालते, आणि ते नसले तर भरून आल्यानंतर सनस्क्रीन. माझ्या मावसबहिणीने बोटाच्या बाजूला तेवढ्याच बारीक रेघेचा चंद्र काढला होता. घासणं, भांडी, धुणं या सगळ्यात दोन वर्षांत त्याची अर्धी कड गायब आहे. तिची रेघ पसरली नाही, तुटली. म्हणजे तेच डिझाइन दंडावर ठीक असतं, बोटावर नसतं.

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीने देवगिरी किल्ल्याचं डिझाइन आणलं, दोन सेंटिमीटरमध्ये बुरूज, पायऱ्या, चांद मिनार आणि सात खिडक्या. मार्करने गिरवल्यावर खिडक्या दोनच उरल्या आणि पायऱ्यांचा काळा उतार झाला. तिने आता फक्त मिनार आणि डोंगराची कड ठेवलीये, साडेतीन सेंटिमीटरमध्ये.

माझ्या मधल्या पाकळीचा उपाय दादाला विचारला. टॅटूत नंतर भर घालता येते, जागा परत मिळत नाही, म्हणून तो देठाकडचा भाग पूर्ण काळा भरून वर निमुळता सोडायचं म्हणाला. म्हणजे जिथे शाई तशीही मिटणार आहे तिथे तिला आधीच आकार द्यायचा. ऊन उतरल्यावर, दिवाळीनंतर मी ते करून घेणार आहे. नावाला हात लावायचा नाही, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.