लावलेले दोन गठ्ठे एक करायचेत: मर्ज करू, परत सॉर्ट करू की एकेक घुसवू?

समजा डिचोलीतल्या एखाद्या शाळेत नववी अ आणि नववी ब चे गणिताचे पेपर तपासून झालेत. दोन्ही गठ्ठे मार्कांप्रमाणे लावलेत, कमी मार्कवाला वर. आता बाईंना दोन्ही मिळून एकच गठ्ठा हवाय, क्रम न मोडता. कोडमध्ये दोन सॉर्टेड लिस्ट आल्या की हाच प्रश्न असतो, आणि नवीन शिकणारे बहुतेक जण इथे अडतात ते कोड येत नाही म्हणून नाही, तर तीन रस्त्यांपैकी कुठला धरायचा ते ठरत नाही म्हणून.

पहिला रस्ता सगळ्यात सोपा वाटतो. दोन्ही गठ्ठे एकत्र करायचे आणि नव्याने लावायला बसायचं. पण आधी लावायला जी मेहनत घेतली ती गेली ना पाण्यात! अ चे ४० आणि ब चे ३५ धरले तर ७५ पेपर, ते सगळे मिसळून एकेक पेपर लावलेल्यांमध्ये वरून शोधत घुसवत बसलात तर सरासरी हजाराच्या वर वेळा मार्क ताडून बघावे लागतात.

दुसरा रस्ता मर्जचा. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवा, फक्त वरचे दोन पेपर बघा, ज्याचे मार्क कमी तो उचला आणि तिसऱ्या जागी ठेवा, बस. खालच्या पेपरांकडे बघायची गरजच नाही कारण ते वरच्यापेक्षा कमी असूच शकत नाहीत, सगळी गंमत ह्या एका गोष्टीत आहे. छोटं करून बघू. अ मध्ये ३१, ४४, ४४, ६२ आणि ब मध्ये ३८, ४४, ७०. ३१ आणि ३८ मधला ३१ उचलला. मग ४४ की ३८, तर ३८. आता दोन्हीकडे वर ४४, अशा वेळी अ मधला आधी घ्यायचा असं ठरवून टाकायचं, म्हणून अ चे दोन्ही ४४ गेले आणि मग ६२ समोर ब चा ४४ आला तो गेला. शेवटी ६२ की ७०, ६२ गेला, अ संपला. उरलेला ७० न बघता तसाच खाली. सात पेपर, सहा तुलना. ७५ पेपरांना जास्तीत जास्त ७४, त्याच्या वर जाऊच शकत नाही, कारण प्रत्येक तुलनेत एक पेपर जागेवर बसतो आणि शेवटच्याला तुलनाच लागत नाही.

हातांनी करताना एक भानगड होते ती सांगतो. उचललेला पेपर सुलटा ठेवत गेलात तर शेवटी सगळ्यात जास्त मार्कवाला वर येतो, गठ्ठा उलटा. पेपर पालथे ठेवत जा आणि शेवटी अख्खा गठ्ठा एकदम फिरवा. आणि पंखा बंद करा बाबा.

कोड एवढाच:

```python
i = j = 0
out = []
while i < len(a) and j < len(b):
    if a[i] <= b[j]:
        out.append(a[i]); i += 1
    else:
        out.append(b[j]); j += 1
out += a[i:] + b[j:]
```

त्यातला `<=` म्हणजेच आपलं ते "सारखे असतील तर अ आधी". शेवटची ओळ विसरलात तर वरचा ७० गायब होतो आणि एरर काहीच येत नाही, म्हणून आउटपुटची लांबी दोन्ही लिस्टच्या बेरजेइतकी आहे ना ते बघायची सवय लावा.

तिसरा रस्ता एकेक घुसवायचा, आणि तो दर वेळी वाईट नसतो. ८० चा गठ्ठा लावलेला आहे आणि आजारी होती त्या तीन मुलांचे पेपर मागाहून आले, तर मर्ज कशाला? मधला पेपर बघा, वरची अर्धी की खालची अर्धी ते ठरवा, परत त्याच्या मधला बघा. एका पेपराला जास्तीत जास्त सात तुलना, तिघांना २१. मर्जमध्ये त्या ८२ पर्यंत जाऊ शकतात. फक्त कॉम्प्युटरच्या लिस्टमध्ये मध्ये काही घुसवलं की मागचे सगळे एकेक घर सरकतात, कागदाच्या गठ्ठ्याला तो त्रास नाही.

मग घ्यायचं काय? हातांनी करत असाल आणि गठ्ठे साधारण सारखे असतील तर डोळे झाकून मर्ज. पायथनमध्ये मात्र मी सरळ `sorted(a + b)` लिहीन, म्हणजे पहिलाच रस्ता! कारण त्याच्या आतला टिमसॉर्ट (टिम पीटर्सने २००२ मध्ये लिहिलेला) आधीच लावलेले तुकडे ओळखतो आणि तेच मर्ज करतो, वरून तो लूप तुमच्या हातच्या लूपपेक्षा फास्ट. डेटा मेमरीत मावत नसेल तर `heapq.merge`, तो लागेल तसा एकेक पुढे देतो.

मर्जची अट एकच, दोन्ही गठ्ठे खरंच लावलेले हवेत, एक पेपर चुकीच्या जागी असला तरी रिझल्ट बिघडतो आणि मर्ज तक्रार करत नाही. फाइलमधून मार्क वाचताना हे फार होतं, आकडे स्ट्रिंग म्हणून येतात आणि मग "१००" हा "३५" च्या आधी लागतो. आधी `int()` करून घ्या, मग सॉर्ट, आणि मगच मर्ज.