फोटोतला खांब पुसलाय का? नक्कल, एआयची भर आणि फोनची सफाई

खानापूर रोडकडची 30 बाय 40 ची साईट, आणि एजंटानं पाठवलेला तिचा एक फोटो. मागं जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, पुढं वाळलेलं गवत, वर निळं आभाळ, लख्ख ऊन. शेजारच्या काकूंनी तो मला दाखवून विचारलं, "बघ रे, ह्यातनं काय खोडलंय का? आभाळ एका जागी लईच गुळगुळीत दिसतंय." साईटवरनं विजेची लाईन जात असेल तर घर कुठं बांधायचं इथपासून सगळं बदलतं, म्हणून प्रश्न साधा नव्हता.

बेळगावात फोटो दुरुस्तीचं काम करताना असे फोटो माझ्यासमोर रोज येतात. गुळगुळीत डाग तीन कारणांनी पडू शकतो. कुणीतरी जुन्या पद्धतीनं शेजारचा भाग उचलून वर चिकटवलेला असतो, किंवा वस्तू पुसून तिथं एआयनं नवीन चित्र भरलेलं असतं. तिसरं कारण म्हणजे कुणी काहीच केलेलं नसतं, फोननंच फोटो काढताना सफाई केलेली असते. निर्णय घेणाऱ्यानं या तिघांतला फरक ओळखायला हवा, नाहीतर प्रामाणिक माणसावर संशय जातो आणि खरी लबाडी सुटून जाते.

आधी दाणा समजून घेऊ. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश पडतो तो एकसारखा पडत नाही, थोडा कमी-जास्त होत राहतो. म्हणून कुठलाही फोटो मोठा करून पाहिला की सपाट निळ्या आभाळातही बारीक बारीक दाणे दिसतात. सावलीत ते जास्त जाणवतात, उजेडात कमी. एकाच फोटोत, सारख्या उजेडाच्या जागी, दाणा सारखाच असला पाहिजे. बहुतेक तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे.

जुनी पद्धत, म्हणजे फोटोशॉपमधला `Clone Stamp`, शेजारचे पिक्सेल जसेच्या तसे उचलते. त्यामुळे दाणाही सोबत येतो आणि डाग गुळगुळीत दिसत नाही. तिची चूक वेगळीच असते, ती म्हणजे पुनरावृत्ती. जांभ्यावर ही सगळ्यात लवकर सापडते, कारण चिऱ्याच्या पृष्ठभागावरची भोकं कधीच दोनदा सारखी पडत नाहीत. एक मोठं भोक, त्याच्या उजवीकडे दोन लहान आणि खाली काळपट रेघ, हाच संच तीन चिरे सोडून पुन्हा दिसला तर भिंत नक्कल केलेली आहे. 2010 मध्ये आलेलं `Content-Aware Fill` हेही मुळात फोटोतलेच तुकडे शोधून जोडत होतं, म्हणून त्याचीही खूण तीच.

एआयची भर उचलत नाही, नव्यानं काढते. स्टेबल डिफ्यूजनसारख्या चित्रं बनवणाऱ्या मॉडेलमध्ये फोटो आधी आकसला जातो: 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनाची माहिती एका घरात येते आणि शेवटी त्यातनं पुन्हा चित्र उलगडतं. आकार, रंग, भिंतीची दिशा एवढं त्यातनं नीट परत येतं. बारीक दाणा मात्र येत नाही, कारण तो यादृच्छिक असतो आणि थोडक्यात साठवता येत नाही. त्यात आणखी एक गोष्ट. 2023 मध्ये फोटोशॉपचं `Generative Fill` आलं तेव्हा ते जास्तीत जास्त 1024 बाय 1024 पिक्सेलचं चित्र बनवून ते निवडलेल्या जागेवर ताणायचं. खांब फोटोत 3000 पिक्सेल उंच असेल तर बनवलेला एक पिक्सेल जवळजवळ तीन पिक्सेलांवर पसरतो. मग दाणा एकतर नसतोच, नाहीतर आजूबाजूपेक्षा जाडा आणि ढगाळ दिसतो. नंतरची मॉडेलं जास्त बारकाईनं भरतात, म्हणून हल्ली हा फरक हलका झालाय, पण बहुतेक वेळा शोधला तर सापडतो.

काकूंचा फोटो 200 टक्के मोठा केला तेव्हा भिंतीवर हे अगदी जवळून दिसलं. डावीकडच्या चिऱ्यांच्या भोकांना खडबडीत कडा होत्या, आत खरी काळी सावली होती. मधल्या पट्ट्यातल्या चिऱ्यांनाही भोकं होती, प्रत्येक वेगळं, पण त्यांच्या कडा गोल, साच्यातनं काढल्यासारख्या. दोन चिऱ्यांमधली सिमेंटची रेघ पट्ट्यात शिरताना धारदार होती, आत मऊ झाली आणि बाहेर पडताना पुन्हा धारदार.

इथंच एआय आणि फोनची सफाई वेगळी होते, आणि माझ्या मते हाच फरक बाकी सगळ्यापेक्षा कामाचा आहे. फोनची सफाई वस्तूंच्या हिशेबानं चालते. आभाळ गुळगुळीत करेल तर बहुतेक सगळं आभाळ करेल, चेहरा करेल तर सगळा चेहरा. पुसण्याचा डाग निवडीच्या आकारानं पडतो. काकूंच्या फोटोत गुळगुळीतपणा आभाळातनं सरळ खाली भिंतीवर आणि भिंतीवरनं गवतात उतरत होता, एकाच रुंदीच्या उभ्या पट्टीत. तीन वेगळ्या वस्तू एकाच सरळ पट्टीत एकदम मऊ व्हायचं फोनला काही कारण नाही.

नुसत्या डोळ्यांनी खात्री पटत नसेल तर दाणा वेगळा काढून पाहता येतो. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये `Filters > Enhance > High Pass` उघडायचं, `Std. Dev` 1 ते 2 ठेवायचं आणि `Contrast` वाढवायचा. फोटोशॉपमध्ये हेच `Filter > Other > High Pass` मध्ये आहे, तिथं `Radius` 1 पुरतो. रंग आणि मोठे आकार जातात, करड्यावर फक्त कडा आणि दाणे उरतात. काकूंच्या फोटोत आभाळभर मीठ पसरल्यासारखे ठिपके आले आणि मधोमध एक उभी पट्टी कोरी राहिली. डोळा आणि हाय पास यांत निवडायचं झालं तर आभाळासाठी मी हाय पास वापरेन आणि भिंतीसाठी डोळाच. भिंतीवर कडा इतक्या असतात की हाय पासमध्ये दाणा त्यांत हरवून जातो.

हे सगळं मूळ फाईल हातात असेल तरच. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि पुन्हा दाबला जातो. त्यात दाणा सगळीकडूनच जातो, जागोजागी चौकोन दिसायला लागतात आणि मग कुठलीही जागा संशयास्पद वाटते. अशा फोटोवरनं मी कुणाला हो किंवा नाही सांगत नाही. एजंटाला म्हणायचं, "दादा, हाच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा." काकूंना तसा मागवायला लावला, म्हणूनच वरचं सगळं दिसलं. उलट बाजूनंही जपावं लागतं: पुसणाऱ्यानं नंतर सगळ्या फोटोवर वरनं नॉइज, म्हणजे बनावट दाणा, टाकला तर हाय पासमध्ये पट्टी जवळजवळ भरून निघते. तेव्हा दाणा सोडून सावलीकडे वळावं.

काकूंच्या फोटोत सावलीही होती. गवतावर एक बारीक काळी रेघ तिरकी पडली होती, आणि ती जिथून सुरू होत होती तिथं उभं असं काहीच नव्हतं. भिंतीची सावली त्याच दिशेला होती, म्हणजे रेघ उन्हाचीच, उंच आणि सडपातळ वस्तूची. खांब, की झाडाचं खोड, की कसला बोर्ड, हे फोटो सांगत नाही. तारा असतील तर कुठून कुठं जातात, हेही नाही. म्हणून काकूंना एवढंच सांगितलं, की इसार द्यायच्या आधी दुपारी उन्हाचं जाऊन भिंतीच्या मागच्या बाजूनं उभं राहून बघा, आणि अलीकडचा-पलीकडचा खांब कुठं आहे ते शोधून त्यांच्यामधली सरळ रेघ साईटवरनं जाते का ते पाहा.